पुढचं पाठ, मागचं सपाट

दोन तासांचं व्याख्यान संपतं, टाळ्या होतात, आभारप्रदर्शन होतं आणि मंडळी चपला शोधत बाहेर पडतात. ‘कसं झालं?’ असं विचारलं तर ‘फार छान!’ हे उत्तर ठरलेलं. पण ‘पहिल्या अर्ध्या तासात काय सांगितलं?’ असं विचारून बघा. विषय आठवतो, वक्त्याचा एखादा विनोद आठवतो, मुद्दा मात्र हाताला लागत नाही. ‘पुढचं पाठ, मागचं सपाट’ म्हणून मास्तर ज्या पोरांना दटावायचे, ती पोरं मोठी होऊन सभागृहात बसली तरी यात फारसा फरक पडत नाही.

यावर उपाय म्हणून बरेच वक्ते सत्राच्या मध्येच एक उजळणीची स्लाइड घालतात. वर मथळा असतो, ‘आतापर्यंत आपण काय पाहिलं’. खाली चार ओळी. वक्ता त्या भराभर वाचतो, श्रोते माना डोलावतात आणि गाडी पुढे सरकते. कल्पना चांगली आहे, पण या रीतीने केली तर तिचा बराचसा फायदा वाया जातो. मागचं पुन्हा दाखवणं हे या स्लाइडचं खरं काम नाही. श्रोत्याकडून ते आठवून घेणं हे तिचं काम आहे. दोन्हींना लागणारा वेळ जवळपास सारखाच असतो, परिणामात मात्र मोठं अंतर पडतं.

मागचं का पुसलं जातं

प्रशिक्षण देणाऱ्यांच्या वर्तुळात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘माणसाचं लक्ष दहा-पंधरा मिनिटांपलीकडे टिकत नाही.’ म्हणून दर दहा मिनिटांनी काहीतरी बदल करा, असा सल्ला दिला जातो. कॅरन विल्सन आणि जेम्स कॉर्न या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये या वाक्याचा माग काढला, तेव्हा त्यामागे सांगितला जाणारा पुरावा फारच लेचापेचा निघाला. लक्ष कमी-जास्त होतं, हे खरंच. पण ते विषयावर, वक्त्यावर आणि ऐकणाऱ्यावर अवलंबून असतं. घड्याळाच्या काट्यावर नाही. त्यामुळे उजळणी किती मिनिटांनी घ्यायची, या प्रश्नाचं उत्तर घड्याळात शोधण्यात अर्थ नाही.

विसरण्याची कारणं वेगळी आहेत. पहिलं कारण जागेचं. एका वेळी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टी फार थोड्या असतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये हा आकडा सातच्या आसपास सांगितला होता. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये सगळे प्रयोग पुन्हा तपासले आणि तो चारच्या आसपास आणला. वक्ता पाचवी गोष्ट सांगतो, तेव्हा आधीच्या चारांपैकी एखादी निसटण्याच्या बेतात असते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. नंतर शिकलेलं आधी शिकलेल्याच्या आड येतं. गेऑर्ग म्यूलर आणि आल्फोन्स पिल्त्सेकर या जर्मन संशोधकांनी १९०० मध्येच हे दाखवून दिलं होतं. आधीचं आणि नंतरचं एकमेकांसारखं असेल, तर गोंधळ अधिक वाढतो. दहा मिनिटं आकडे आणि मग दहा मिनिटं गोष्ट असा क्रम असेल तर त्रास कमी. आकड्यांमागून आकडे आले की सगळ्यांची भेसळ होते, आणि लांबलेल्या माहितीपर सत्रात बहुधा हेच घडतं.

याचा फटका बसतो तो सत्र संपल्यावर नाही, तर सत्र चालू असतानाच. बहुतेक सत्रांत पुढचा भाग मागच्या भागावर उभा असतो. मागचं निसटलं की पुढचं ऐकू येतं, पण कळत नाही. श्रोता मोबाइल काढतो आणि वक्त्याला वाटतं, लोकांचं लक्ष उडालं. खरं तर लोकांच्या हातचा धागा मघाशीच सुटलेला असतो.

वाचून दाखवणं आणि आठवून सांगणं

सत्राच्या मध्ये उजळणी करून काय होतं, हे नेमकं तपासणारा एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हार्वर्ड विद्यापीठात कार्ल स्पुनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना संख्याशास्त्रावरचं २१ मिनिटांचं व्याख्यान व्हिडिओवर दाखवलं. त्याचे चार तुकडे केले होते. एका गटाला प्रत्येक तुकड्यानंतर त्यावरचे छोटे प्रश्न विचारले आणि उत्तरं स्वतः लिहायला लावली. दुसऱ्या गटाला तेच प्रश्न उत्तरांसकट वाचायला दिले. म्हणजे आपली नेहमीची उजळणीची स्लाइडच म्हणा ना! तिसऱ्या गटाला मध्ये कसलीच उजळणी नव्हती.

शेवटच्या तुकड्यावर परीक्षा घेतली, तेव्हा स्वतः उत्तरं लिहिणारा गट स्पष्टपणे पुढे होता. उत्तरं वाचणारा गट मात्र काहीच न केलेल्या गटाच्या वर गेला नव्हता. व्याख्यान चालू असताना ‘आत्ता तुमचं मन कुठे आहे?’ असंही विचारलं होतं. मन भरकटण्याचं प्रमाण प्रश्न सोडवणाऱ्या गटात साधारण निम्म्यावर आलं होतं, आणि त्यांनी घेतलेली टिपणं जवळपास तिप्पट होती. मध्ये विचारलं जाणार आहे हे कळलं, की माणूस पुढचं ऐकतोही वेगळ्या कानाने.

आणखी एक प्रयोग २००६ चा, हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा. त्यात विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता जेवढं आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर चित्र उलटलं होतं, आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले होते.

वाचून दाखवलेली उजळणी लोकप्रिय का आहे, याचं उत्तर त्या पाच मिनिटांत दडलेलं आहे. चार ओळी पुन्हा दिसल्या की श्रोत्याला वाटतं, ‘हो हो, हे तर मला माहीत आहे.’ त्याला हुरूप येतो, वक्त्यालाही बरं वाटतं. पण समोर दिसलेलं ओळखणं आणि समोर नसलेलं आठवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. शेतात, कार्यालयात किंवा बँकेच्या खिडकीशी श्रोत्याला दुसरं काम करायचं असतं. स्लाइड तिथे नसते.

माती परीक्षणाचं दोन तासांचं सत्र

हे सगळं प्रत्यक्षात कसं दिसतं, ते एका सत्रावर बसवून पाहू. गावच्या समाजमंदिरात ५० शेतकरी जमले आहेत. विषय आहे माती परीक्षण. केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ मध्ये सुरू झाली, त्यामुळे बऱ्याच जणांच्या घरी ती पत्रिका आहे. पण ती बहुधा कपाटात असते. सत्राचे भाग चार आहेत: मातीचा नमुना कसा घ्यायचा, पत्रिका कशी वाचायची, त्यावरून खताच्या गोण्या किती ते कसं काढायचं, आणि खत कधी व कसं द्यायचं. पहिल्या दोन भागांनंतर चहा आहे.

इथे प्रत्येक भाग मागच्यावर टेकलेला आहे. नमुना चुकला तर पत्रिकेतला आकडा चुकला, आकडा चुकला तर गोण्या चुकल्या. म्हणून उजळणीच्या जागा आपोआप ठरतात: एक भाग संपून दुसरा सुरू होतो ते सांधे. चार भागांना तीन सांधे, म्हणून तीन उजळण्या. ५० मिनिटांचा एखादा भाग मध्ये सांधा नसताना चालला असेल, तर त्याचेच दोन भाग करायला हवेत. घड्याळ बघून मध्येच स्लाइड घुसडल्याने काम होत नाही.

पहिल्या भागात वक्त्याने सांगितलं आहे: शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणं निवडा, पृष्ठभागावरचा काडीकचरा बाजूला करा, इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा २० ते २२ सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घ्या. सगळी माती एकत्र मिसळा, तिचे चार सारखे भाग करा, समोरासमोरचे दोन काढून टाका. असं करत करत अर्धा किलो उरवा. बांधालगत, झाडाखाली, शेणखताच्या ढिगाजवळ किंवा पाणी साचतं तिथे नमुना घेऊ नका. खताच्या रिकाम्या गोणीत तो भरू नका.

नेहमीच्या पद्धतीने केलेली उजळणीची स्लाइड अशी असते:

आतापर्यंत आपण पाहिलं
• माती परीक्षणाचं महत्त्व
• नमुना घेण्याची पद्धत
• नमुना घेताना घ्यावयाची काळजी

यात एकही मुद्दा नाही, नुसते मथळे आहेत. ‘पद्धत पाहिली’ हे कळलं. पद्धत काय, ते स्लाइडलाही माहीत नाही. ती वाचून ज्याला आठवत होतं त्याला नवं काही मिळालं नाही, आणि ज्याला आठवत नव्हतं त्याला कळलंही नाही की आपण विसरलो आहोत.

आता तीच जागा वेगळी वापरू. स्लाइडवर एका शेताचं साधं चित्र आहे. एका कडेला बांध, कोपऱ्यात आंब्याचं झाड, गाडीवाटेशी शेणखताचा ढीग, खालच्या अंगाला पाणी साचणारी खोलगट जागा. चित्रात सहा ठिपके आहेत आणि त्यांना एक ते सहा आकडे दिले आहेत. वर एकच ओळ: ‘यांतल्या कोणत्या ठिकाणची माती घ्यायची नाही?’ वक्ता म्हणतो, ‘बोलू नका. आधी मनाशी ठरवा, मग शेजारच्याला सांगा.’ तो पाऊण मिनिट गप्प राहतो. मग एकेका ठिपक्याला हात वर करायला सांगतो. पुढच्या क्लिकला चार ठिपक्यांवर फुली येते आणि प्रत्येकाशेजारी दोन शब्दांत कारण: ‘ढीग जवळ, नत्र जास्त दिसेल.’ शेवटी एक तोंडी प्रश्न: ‘किती खोल?’ उत्तर लोकांकडून येतं, २० ते २२ सेंटिमीटर. सगळं मिळून तीन मिनिटं झाली.

चित्र घेण्याला आणखी एक कारण आहे. सभेत वाचायला अडखळणारे काहीजण असतातच. चित्रातल्या ठिपक्याचा आकडा बोटांनी दाखवणं त्यांनाही जमतं, आणि उत्तर चुकलं तरी चारचौघांत शोभा होत नाही.

दुसरा भाग पत्रिकेचा. त्यात आकड्यांचा मारा असतो. सामू साडेसहा ते साडेसात असेल तर उत्तम, साडेआठच्या वर गेला तर जमीन चोपण होण्याकडे झुकलेली. क्षारता एकपेक्षा कमी हवी. उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोपेक्षा कमी असेल तर ‘कमी’, २८० ते ५६० ‘मध्यम’, त्याच्यावर ‘जास्त’. स्फुरद, पालाश यांच्या मर्यादा आणखी वेगळ्या. म्यूलर आणि पिल्त्सेकर यांनी सांगितलेली भेसळ इथे होणारच, म्हणून दुसरी उजळणी सगळ्यांत काळजीने करावी लागते.

आणि ती लगेच करायची नाही. भाग संपल्याबरोबर विचारलं तर आकडे अजून कानात घुमत असतात. उत्तरं पटापट येतात आणि सगळ्यांची फसगत होते. मध्ये चहा होऊ द्यावा. वीस मिनिटं गेली, गप्पा झाल्या, म्हणजे आठवायला थोडे कष्ट पडतात. त्या कष्टांनीच गोष्ट पक्की बसते. शिवाय चहाहून परतलेल्यांना जागेवर बसवायला वक्त्याला काहीतरी हवंच असतं.

चहानंतरच्या स्लाइडवर एका पत्रिकेचा फक्त एक तुकडा मोठा करून दाखवलेला आहे. सामू ८.१, सेंद्रिय कर्ब ०.३८, उपलब्ध नत्र २१०. प्रश्न दोन. पहिला: ‘या शेतात नत्र कमी, मध्यम की जास्त?’ दुसरा: ‘हा नमुना शेणखताच्या ढिगाजवळचा असता, तर २१० वर विश्वास ठेवला असता का?’ पहिला प्रश्न पत्रिकेच्या भागावरचा आहे, दुसरा त्याच्याही आधीच्या भागातला. प्रत्येक उजळणीत एक प्रश्न त्याच्या मागच्या भागातला ठेवला, की पहिलं चहाच्या कपाबरोबर वाहून जात नाही.

लोकांनी उत्तरं दिली की पुढच्या क्लिकला २१० भोवती गोल येतो, शेजारी ‘२८० पेक्षा कमी, म्हणून कमी’ एवढंच दिसतं. खाली एक ओळ: ‘आता याच २१० वरून गोण्या काढू.’ ही शेवटची ओळ गाळू नये. मागचं आठवून झाल्यावर ते आता कशाला लागणार हे कळलं, तर श्रोता ते हाताशी धरून पुढच्या भागात शिरतो.

तिसऱ्या भागात तो आकडा खरोखरच वापरला जातो. समजा पिकाची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्राची आहे. जमिनीत नत्र ‘कमी’ असेल तर शिफारशीत २५ टक्के वाढ करायची, हा सर्वसाधारण नियम. म्हणजे १५० किलो. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणून १५० ला ४६ ने भागून १०० ने गुणलं की ३२६ किलो युरिया. एकरी हिशेबाने १३० किलो, म्हणजे ४५ किलोच्या गोण्या तीनला थोड्या कमी. दुसऱ्या खतातून नत्र जात असेल तर तेवढं आधी वजा करायचं.

तिसरी उजळणी मग एकाच स्लाइडची, पण सगळ्या भागांवरची. दुसऱ्या शेतकऱ्याची पत्रिका, नत्र ३४०, शिफारस तीच १२० किलो. ‘एकरी युरिया किती?’ तिघा-चौघांनी मिळून मोबाइलवर हिशेब करायचा. ३४० हे ‘मध्यम’ आहे हे ज्यांना आठवतं, ते वाढ न करता १२० वरच थांबतात आणि एकरी १०४ किलोवर पोहोचतात. ज्यांना ते आठवत नाही, ते सवयीने २५ टक्के वाढवतात आणि त्यांचं उत्तर पुन्हा १३० येतं. कोणाचं उत्तर काय आलं यावरून वक्त्याला कळतं, की अडचण गुणाकार-भागाकारात आहे की त्याच्या आधीच्या भागात. आता चौथ्या भागाकडे, म्हणजे हे खत पेरणीला किती आणि नंतर किती याकडे, वळायला हरकत नाही.

स्लाइड कशी बांधायची

एका उजळणीत तीनपेक्षा जास्त गोष्टी नकोत. चारच्या आसपास जागा असताना एक जागा पुढच्या भागासाठी मोकळी ठेवावी लागते. कोणत्या तीन, हे ठरवण्याची कसोटी सोपी आहे: पुढच्या भागात जे वापरलं जाणार, तेच घ्यायचं. बाकीचं कितीही रंजक असलं तरी उजळणीत त्याची जागा नाही.

प्रश्न आणि उत्तर एकाच वेळी दिसता कामा नयेत. डोळे उत्तराकडे आपोआप जातात, आणि एकदा दिसलं की आठवण्याचं काम संपलं. त्यासाठी उत्तर क्लिक केल्यावर येईल असं ठेवावं, किंवा सरळ दोन स्लाइड कराव्यात, पहिली प्रश्नाची आणि दुसरी तीच, पण उत्तरासकट. दुसरा मार्ग भोळा वाटतो, पण दुसऱ्याच्या लॅपटॉपवर सादरीकरण चालवायची वेळ आली तर तोच दगा देत नाही.

मूळ भागात जे चित्र वापरलं, त्याच शैलीचं चित्र उजळणीत असावं, म्हणजे ओळख पटते. पण तंतोतंत तेच नको. नाहीतर लोक चित्र आठवतात, मुद्दा नाही. आणि तिन्ही उजळण्यांना पार्श्वभूमीचा रंग एकच, बाकी स्लाइडपेक्षा वेगळा ठेवावा. दुसऱ्यांदा तो रंग पडद्यावर आला की लोक न सांगता वहीतून डोकं वर काढतात.

पॉवरपॉइंट वापरणाऱ्यांसाठी एक युक्ती. प्रत्येक उजळणीच्या पाठोपाठ एक राखीव स्लाइड करून ती Hide Slide ने लपवून ठेवावी. तिच्यात तोच मुद्दा दुसऱ्या उदाहरणाने समजावलेला असावा. सभेतल्या बऱ्याच जणांचं उत्तर चुकलं, तर त्या स्लाइडचा क्रमांक टाइप करून Enter दाबलं की ती पडद्यावर येते. चुकलं नाही, तर ती आहे हे कोणाला कळतही नाही. लोक आपापसांत बोलत असताना पडदा काळा करायचा असेल तर B दाबावं. पुन्हा B दाबलं की स्लाइड परत येते.

वेळ कुठून आणायचा

वक्त्यांची पहिली तक्रार हीच असते. तीन उजळण्या, प्रत्येकी तीन ते चार मिनिटं, म्हणजे दहा-बारा मिनिटं गेली. दोन तासांतली दहा मिनिटं म्हणजे सात-आठ स्लाइड. त्या गाळाव्या लागतात, दुसरा इलाज नाही. भराभर बोलून त्या बसवल्या तर उजळणीने मिळवलेलं घाईत जातं.

अमेरिकेत १९८७ मध्ये कॅथी रूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून साधा प्रयोग केला होता. व्याख्यानात तीन वेळा दोन-दोन मिनिटं थांबायचं. त्या वेळात विद्यार्थ्यांनी जोडीने आपापली टिपणं पडताळायची. शिक्षकाने मध्ये बोलायचं नाही. त्या वर्गाला तेवढी मिनिटं कमी शिकवलं गेलं, तरी ताबडतोब आणि काही दिवसांनी घेतलेल्या दोन्ही चाचण्यांत तो वर्ग सरस ठरला. म्हणजे स्लाइड करायला वेळ मिळाला नाही, तर नुसतं ‘शेजारच्याला तीन मुद्दे सांगा’ म्हणून दोन मिनिटं गप्प बसलं, तरी काम होतं.

आपल्याकडे याची एक जुनी वाट आहे. वारकरी कीर्तनात बुवा निरूपण करता करता पुन्हा पुन्हा अभंगाच्या चरणावर येतात आणि मागे उभे टाळकरी तो चरण उचलून धरतात. तास-दीड तासात निरूपण कुठून कुठे फिरून येतं, पण घरी जाणाऱ्याला मूळ अभंग तोंडपाठ असतो. बुवांनी तो अनेकदा म्हटला हे त्याचं एक कारण. दुसरं, तो ऐकणाऱ्यांच्या तोंडूनही निघाला. सभागृहात टाळकरी नसतात, म्हणून ते काम प्रश्नाला करावं लागतं.

कुठे फसतं

प्रश्न विचारला आणि दोन सेकंदांत वक्त्यानेच उत्तर दिलं, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. शांततेची भीती वाटते, म्हणून असं होतं. निदान तीस सेकंद मनात मोजावीत. दुसरी चूक, ‘कोण सांगेल?’ असं विचारणं. पहिल्या रांगेतले तेच दोघे उत्तर देतात, वक्त्याला वाटतं सगळ्यांना कळलं, आणि उरलेले अठ्ठेचाळीस जण आठवायचा प्रयत्नही करत नाहीत. आधी प्रत्येकाने मनाशी ठरवायचं, मग शेजाऱ्याला सांगायचं, मग सर्वांनी हात वर करायचे, या क्रमाचा हेतू एवढाच आहे.

चुकलेलं उत्तर तसंच सोडून पुढे जाणं हे त्याहून वाईट. स्वतः आठवून सांगितलेली गोष्ट मनात बसते. चुकीची असेल तर चुकीचीच बसते. म्हणून बरोबर उत्तर पडद्यावर यायलाच हवं, कारणासकट.

उजळणी नीट जमली की नाही, हे ओळखण्याच्या खुणाही आहेत. स्लाइड आल्याबरोबर लोक मोबाइल उंचावून फोटो काढू लागले, तर समजावं की आपण उत्तर आधीच दाखवलं आहे आणि आठवण्याचं काम लोकांनी फोनकडे दिलं आहे. सगळ्यांनी एका सुरात बरोबर उत्तर दिलं, तर प्रश्न फार सोपा होता किंवा फार लवकर विचारला. निम्म्याहून अधिक जण चुकले, तर दोष ऐकणाऱ्यांचा नाही. तो भाग पुन्हा सांगायला हवा, राखीव स्लाइड त्यासाठीच असते. थोडी चुळबुळ, शेजाऱ्याशी वाद, काही जणांचं चुकणं आणि उत्तर दिसल्यावर ‘अरे हो!’ अशी कुजबुज, हे चित्र बरोबर.

या उपायाला मर्यादाही आहेत. वीस-पंचवीस मिनिटांच्या एकाच मुद्द्याच्या भाषणाला मध्ये उजळणीची गरज नसते. तिथे ती केली तर रसभंग होतो. श्रद्धांजली सभा किंवा रंगत चाललेलं कथाकथन प्रश्न विचारून तोडू नये. आणि ज्या सत्रात मुळातच तिप्पट माहिती कोंबली आहे, त्याला तीन स्लाइड वाचवू शकत नाहीत. तसंच सत्रातली उजळणी आठवणीचा पाया घालते, पण महिनाभराने आठवायला हवं असेल तर आठवड्याने पुन्हा विचारावं लागतं. गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीच पत्रिका आणि तोच प्रश्न टाकला तरी पुरेल, फक्त उत्तर दुसऱ्या दिवशी द्यावं.

पुढच्या वेळी लांबलचक सत्र घ्यायचं असेल तर तयारीची सुरुवात शेवटापासून करा. शेवटच्या भागाला मागचं काय काय लागतं, ते कागदावर लिहा. त्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीवर एक प्रश्न करा आणि तो सांध्यावर ठेवा. त्यासाठी ज्या सात-आठ स्लाइड गाळाव्या लागतील, त्या श्रोत्यांच्या लक्षात तशाही राहणार नव्हत्या.